एसीच्या पाइपला घाम का सुटतो, आणि इन्सुलेशन किती जाड हवं ते कसं काढायचं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घणसोलीहून एका काकूंचा फोन आला. "अहो, एसी गळतोय. पण एसीखाली नाही, हॉलच्या मधल्या दिव्याखाली गळतोय." जाऊन पाहिलं तर पीओपीच्या फॉल्स सीलिंगवर दिव्याच्या कडेने चहाच्या कपाएवढा पिवळा डाग पडला होता आणि दर दोन-तीन मिनिटांनी एक थेंब सुटत होता. त्याआधी दोन मिस्त्री येऊन गेले होते. पहिल्याने ड्रेन साफ केला, दुसऱ्याने गॅस भरला. दोघांचे पैसे गेले, थेंब मात्र होता तिथेच राहिला.

ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्याचे चार महिने अशी कामं सारखी येतात आणि बहुतेक वेळा उत्तर "जाड इन्सुलेशन टाका" एवढंच दिलं जातं. पण जाड म्हणजे किती? नऊ मिलिमीटर, तेरा, एकोणीस, की पंचवीस? अंदाजाने टाकलं तर पुढच्या पावसाळ्यात तोच फोन पुन्हा येतो. म्हणून घणसोलीच्या या घराचंच उदाहरण घेऊन हिशोब शेवटपर्यंत करून दाखवतो.

आधी पाणी कुठलं ते ओळखा

दिव्याचा मेन स्विच बंद करून दिवा काढला आणि त्या भोकातून टॉर्च मारला. वर दोन पाइप, एक ड्रेन आणि वायर असं सगळं एकत्र टेपने गुंडाळलेलं होतं. पाणी ड्रेनचं आहे की घामाचं, हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. पाइप फडक्याने कोरडा पुसायचा, त्यावर तीन-चार ठिकाणी वर्तमानपत्राच्या पट्ट्या सैल गुंडाळायच्या आणि एसी तासभर चालवायचा. सगळ्या पट्ट्या सारख्याच ओल्या झाल्या तर तो घाम, म्हणजे इन्सुलेशनची जाडी कमी पडते आहे. जोडावरची किंवा क्लॅम्पखालचीच पट्टी ओली झाली, तर जाडी ठीक असून तिथे फट आहे. पट्ट्या कोरड्या आणि तरी थेंब पडतोय, तर ड्रेनकडे वळायचं. इनडोअर युनिटच्या ट्रेमध्ये मगभर पाणी सावकाश ओतलं की ड्रेनची गळती लगेच कळते.

पाइपवर पांढरा बर्फ धरला असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तिथे गॅस कमी आहे, फिल्टर तुंबलाय किंवा ब्लोअर फिरत नाहीये. आधी ते दुरुस्त करा, कारण उणे तापमानाच्या पाइपसाठी जाडीचा हिशोब करून काही उपयोग नाही.

काकूंकडे सगळ्या पट्ट्या भिजल्या. इन्सुलेशन होतं नऊ मिलिमीटरचं, काळं नायट्राइल रबर.

हवा कुठली मोजायची

चूक बहुतेक इथेच होते. मिस्त्री हॉलमध्ये उभा राहून तापमान आणि आर्द्रता बघतो. एसी चालू असताना हॉलमध्ये २६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता होती. त्या हवेचा दवबिंदू येतो १७.६ अंश. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला ती हवा आपल्यातली वाफ आणखी धरून ठेवू शकत नाही आणि पाणी सोडायला लागते ते तापमान. हॉलच्या हवेत नऊ मिलिमीटरच्या इन्सुलेशनचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण २१ अंशांवर राहतो, म्हणजे दवबिंदूच्या बराच वर. म्हणूनच इनडोअर युनिटजवळचा उघडा, डोळ्यांना दिसणारा पाइप ठणठणीत कोरडा होता, आणि तो पाहून दोघेही मिस्त्री "इन्सुलेशन चांगलं आहे" म्हणून गेले.

पाइप मात्र सीलिंगच्या वर आहे, तिथली हवा वेगळी. तापमान-आर्द्रतेचा मीटर दिव्याच्या भोकातून आत सरकवला, भोकावर पुठ्ठा चिकटवला आणि रात्रभर ठेवला. मोबाइलला जोडणारा, दर दहा मिनिटांनी नोंद करणारा छोटा मीटर असेल तर उत्तम. फक्त कमाल-किमान दाखवणाऱ्या मीटरवर विसंबू नका. त्यात कमाल तापमान दुपारचं असतं आणि कमाल आर्द्रता पहाटेची. दोन्ही एकत्र केलेत तर अशी हवा तयार होते जी त्या घरात कधी नव्हतीच. तापमान आणि आर्द्रता एकाच क्षणाची हवी.

रात्रीच्या नोंदीत सगळ्यात वाईट जोडी निघाली ३१ अंश आणि ८५ टक्के. गंमत म्हणजे ती पहाटेची नव्हती. सकाळी सव्वासातची होती, घरात आंघोळी चालू असतानाची. पुढे त्याकडे येतोच.

स्वस्त मीटर पाच टक्क्यांनी सहज चुकतो आणि या हिशोबात पाच टक्के म्हणजे एक आख्खी जाडी. मीटर तपासायची सोपी रीत आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला. मीठ विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि मीटर घट्ट बंद होणाऱ्या डब्यात आठ-दहा तास ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्के असते. मीटर ७१ दाखवत असेल तर तो चार टक्के कमी सांगतोय, तेवढे पुढच्या नोंदींत मिळवा.

दवबिंदू काढणे

एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये A2 या चौकटीत तापमान, B2 मध्ये आर्द्रता भरा आणि C2 मध्ये हे सूत्र टाका:

```
=243.12*(LN(B2/100)+17.62*A2/(243.12+A2))/(17.62-LN(B2/100)-17.62*A2/(243.12+A2))
```

३१ आणि ८५ भरलं की २८.२ येतं. म्हणजे सीलिंगच्या पोटात २८.२ अंशांहून थंड असलेली कुठलीही वस्तू ओली होणार, मग तो पाइप असो, ड्रेन असो की पाइपला टेकलेली लोखंडी पट्टी. हवा ३१ वर, दवबिंदू २८.२ वर. मधली फट फक्त २.८ अंशांची. पाच अंशांचा पाइप पोटात असलेल्या इन्सुलेशनची बाहेरची कातडी एवढ्याशा फटीत बसवायची, एवढंच सगळं काम आहे.

लोक दवबिंदूच्या आकड्याकडे बघतात, पण जाडी ठरते या फटीवर. समजा हवा ३० अंश आणि ९० टक्के आहे. सूत्रात घाला, दवबिंदू तोच येतो, २८.२. फट मात्र १.८ वर आलेली असते, आणि लागणारी जाडी १९ मिलिमीटरवरून २६ वर उडी मारते.

पाइपचं तापमान

घरगुती स्प्लिट एसीमध्ये गॅसचा दाब उतरवणारी कॅपिलरी किंवा व्हॉल्व्ह सहसा आउटडोअर युनिटमध्ये असतो. त्यामुळे घरात येणारे जाड आणि बारीक असे दोन्ही पाइप थंड असतात. बारीक पाइप उघडा सोडणारे अजूनही आहेत, आणि तोही तेवढाच घामतो.

एसी १८ वर, पंखा हळू ठेवून अर्धा तास चालवा. मग इन्सुलेशनमध्ये छोटी खाच करून वायरचा सेन्सर तांब्याला टेपने घट्ट बांधा आणि वरून झाकून वाचा. इन्फ्रारेड बंदूक चकचकीत तांब्यावर मारू नका, ती समोरच्या भिंतीचं प्रतिबिंब वाचते आणि २० अंश वगैरे काहीतरी दाखवते. मारायचीच असेल तर तांब्यावर काळी इन्सुलेशन टेप लावून त्या टेपवर मारा. इथे पाच अंश आले. मोजायची सोय नसेल तर मी पाचच धरतो.

किमान जाडी

हवा इन्सुलेशनच्या बाहेरच्या पृष्ठभागाला उष्णता देते आणि तेवढीच उष्णता रबरातून आत पाइपकडे ओढली जाते. हे दोन्ही जिथे सारखे होतात ते पृष्ठभागाचं तापमान. उलटं सूत्र सोडवत बसण्यापेक्षा बाजारात मिळणाऱ्या जाड्या एकेक करून घालून पाहाव्या, हे मला सोपं वाटतं. त्याच ओळीत D2 मध्ये पाइपचं तापमान, E2 मध्ये पाइपचा बाहेरचा व्यास आणि F2 मध्ये इन्सुलेशनची जाडी भरा, व्यास आणि जाडी दोन्ही मिलिमीटरमध्ये. G2 आणि H2 मध्ये ही दोन सूत्रं टाका:

```
G2: =9/37*(E2/2+F2)*LN((E2/2+F2)/(E2/2))
H2: =(D2+G2*A2)/(1+G2)
```

H2 मध्ये येतं ते पृष्ठभागाचं तापमान. ते C2 मधल्या दवबिंदूच्या वर असलं पाहिजे. सूत्रातला ३७ हा आकडा नायट्राइल रबराच्या उष्णतावाहकतेचा आहे. ती ०.०३७ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरली आहे आणि व्यास मिलिमीटरमध्ये असल्याने हजारने गुणली आहे. ९ हा आकडा हवेकडून पृष्ठभागाला किती सहज उष्णता मिळते त्याचा, वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंशात. मोकळ्या जागेतल्या काळ्या रबराला ९ चालतो.

काकूंचा जाड पाइप अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटर. ३१ अंश, ८५ टक्के आणि पाच अंशांचा पाइप घेऊन आकडे असे आले. नऊ मिलिमीटरला पृष्ठभाग २४.९ अंश, तेराला २६.८, एकोणीसला २८.३ आणि पंचवीसला २९.०. दवबिंदू २८.२. म्हणजे नऊ आणि तेरा सरळ बाद. नऊ मिलिमीटरचं इन्सुलेशन त्या तापमानाला साधारण ७० टक्के आर्द्रतेपर्यंतच कोरडं राहतं, तेराचं ७९ पर्यंत. आपल्याकडे पावसाळ्यात बंद पोकळीत ७० टक्के शोधूनही सापडत नाही.

एकोणीस कागदावर पास होतं, पण काठावर. मीटरची चूक, टेपने दबलेलं रबर, एखादा जास्त दमट दिवस, यातलं काहीही एक आलं की ते नापास. मी पृष्ठभाग दवबिंदूच्या वर किमान अर्धा अंश धरतो, आणि जिथे पुन्हा सीलिंग उघडणं महाग पडेल तिथे पाऊण ते एक अंश. या हिशोबाने इथे पंचवीस हवं.

पाइप जाड असेल तर त्याच हवेत जाडी वाढते. ऑफिसातल्या २८.६ मिलिमीटरच्या पाइपला, बाकी सगळं तेच असताना, किमान २२ मिलिमीटर लागतात, म्हणजे बाजारातलं २५. पाव इंची बारीक पाइपला १६ पुरतात, पण १६ सहसा मिळत नाही म्हणून तिथेही एकोणीस.

चांदीसारखी पट्टी आणि कोंडलेली हवा

पुष्कळ लोक दिसायला छान म्हणून वरून चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळतात आणि त्याने संरक्षण वाढलं असं समजतात. घामाच्या बाबतीत उलटं होतं. काळं रबर आजूबाजूच्या स्लॅबकडून, भिंतीकडून येणारी उष्णता शोषून घेतं आणि त्यामुळे त्याची कातडी थोडी गरम राहते. फॉइल ती परतवून लावतं. सूत्रातल्या ९ च्या जागी ५ घाला आणि बघा: याच पाइपला किमान जाडी १९ वरून २९ मिलिमीटरवर जाते. आत काळंच राहू द्या. बाहेर गच्चीवर उन्हामुळे रबर तडकतं म्हणून आवरण लागतं, पण तिथे चार थेंब पडले तर बिघडत नाही.

दोन पाइप, ड्रेन आणि वायर एकत्र करकचून बांधण्याचंही तेच. जिथे दोन इन्सुलेशन एकमेकांना चिकटतात तिथे हवा फिरत नाही, उष्णता पोचत नाही, आणि नेमक्या त्या सांध्यातून पाणी ओघळतं. मोकळ्या भागात पास झालेली जाडी तिथे नापास होते. पाइप वेगवेगळे न्या, मध्ये निदान दोन-तीन बोटं जागा सोडा.

काकूंच्या घरी काय केलं

पंचवीस मिलिमीटर टाकायचं ठरलं आणि लगेच अडलं. हॉलच्या मधोमध बीम आहे आणि त्याच्या खाली सीलिंगपर्यंत जागा फक्त ६० मिलिमीटर. पंचवीसचं इन्सुलेशन घातलेल्या अर्धा इंची पाइपचा बाहेरचा व्यास होतो ६२.७. दाबून घालता आलं असतं, पण दाबलं की जाडीच जाते. एकोणीसचा व्यास ५०.७, तो बसत होता.

म्हणून हवेकडे वळलो. सव्वासातची ती नोंद डोक्यात होतीच. बाथरूमच्या फॉल्स सीलिंगची पोकळी आणि हॉलची पोकळी यांच्या मधल्या भिंतीत पाइपसाठी हातभर भोक पाडून तसंच सोडलं होतं, आणि बाथरूमच्या एक्झॉस्ट पंख्याचा पाइप वरच निसटला होता. म्हणजे गरम पाण्याची सगळी वाफ पंखा इमानदारीने सीलिंगमध्ये भरत होता. तो पाइप पुन्हा बाहेरच्या जाळीला जोडला, भोक बंद केलं आणि मीटर चार दिवस आत ठेवला. सगळ्यात वाईट जोडी आता ३१ अंश आणि ७८ टक्के आली. दवबिंदू २६.७. एकोणीसचा पृष्ठभाग २८.३. मध्ये दीड अंशाहून जास्त मोकळीक, पंचवीस टाकून मिळाली असती त्याच्या जवळजवळ दुप्पट.

उलट दिशेची मर्यादाही सांगून ठेवतो. ३० अंश आणि ९५ टक्के हवेत या पाइपला किमान ४६ मिलिमीटर लागतात. एवढं जाड रबर घरात कोणी घालत नाही. आर्द्रता नव्वदच्या वर राहत असेल तर जाडी वाढवणं सोडा आणि ओल कुठून येते ते शोधा.

बसवताना

जुनं इन्सुलेशन कापून पिळलं तर पाणी निघालं. फट राहिली की दमट हवा आत शिरते, थेट तांब्यावर पाणी होतं आणि ते बाहेर येऊ शकत नाही. पाण्यातून उष्णता कोरड्या रबराच्या सुमारे सोळापट वाहते. त्यामुळे भिजलेल्या इन्सुलेशनवर नवा थर चढवणं म्हणजे ओल्या गादीवर कोरडी चादर घालणं. ते काढायचंच. पाइप कोरडा पुसायचा, एसी बंद ठेवून. थंड पाइपवर काम केलंत तर पुसता पुसताच तो पुन्हा ओला होतो आणि गोंद धरत नाही.

नळी पाइपच्या मापाचीच घ्या, सैल नको. जमत असेल तर पाइपचं टोक सोडून नळी अख्खी सरकवा. टोक सोडायचं म्हणजे आधी गॅस आउटडोअरमध्ये साठवून घेणं आणि नंतर व्हॅक्यूम करणं आलं, म्हणून चालू एसीला बहुधा नळी उभी चिरून चढवावी लागते. मग चिरेच्या दोन्ही कडांना रबराचाच गोंद लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मगच दाबून जोडा. ओला गोंद जोडला तर दोन दिवसांनी चीर उघडते. नुसती टेप म्हणजे जोड नव्हे. चीर वरच्या बाजूला न ठेवता कडेला ठेवा, म्हणजे तपासता येते. दोन नळ्यांची तोंडंही गोंदाने जोडा आणि दर चार-पाच मीटरवर नळीचं टोक आतून पाइपलाच चिकटवा, म्हणजे एका ठिकाणी पाणी शिरलं तरी ते पुढे धावत नाही.

चांगल्या जुन्या, कोरड्या नळीवर दुसरा थर द्यायचा असेल तर शीट कापून गुंडाळा. रुंदी मोजायला मापाची टेप वापरू नका. त्याच शीटची पट्टी पाइपभोवती गुंडाळून खूण करा, नाहीतर जाडीमुळे कडा भेटत नाहीत आणि ओढून चिकटवाव्या लागतात.

केबल टायने गळा आवळू नका. एकोणीसचं रबर टायखाली दहावर येतं आणि तेवढ्या रेघेवर थेंब धरतो. आधाराच्या जागी रुंद पट्टी द्या, म्हणजे वजन पसरतं. भिंतीतून जातानाही इन्सुलेशन अखंड जाऊ द्या. भोक लहान म्हणून तिथे तासून काढण्याची सवय फार जणांना आहे.

काम संपवून पाइपवर पुन्हा वर्तमानपत्राच्या पट्ट्या बांधल्या आणि दिव्याचं भोक पुठ्ठ्याने बंद केलं. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "थेंब आहे हो अजून. कमी झालाय, पण आहे." गेलो. पाइपवरच्या सगळ्या पट्ट्या कोरड्या. ओली होती ती शेजारची ड्रेनची नळी, बाहेरून. तिच्यातून साधारण १५ अंशांचं पाणी वाहतं आणि भोवती दवबिंदू २६.७ चा, तिला घाम सुटणारच. गाठोडं सोडवल्यावर ती उघडी पडली होती आणि घाईत मी तशीच सोडली होती. वीस मिलिमीटरच्या त्या नळीचा हिशोब केला तर नऊचं इन्सुलेशन काठावर पास होत होतं, म्हणून तेराचं घातलं. सीलिंगला रंग मात्र डाग पूर्ण वाळेपर्यंत, तीन आठवडे, लावू दिला नाही.